श्रींच्या पूजेची वेळ आणि घरातील वडीलधारी

श्रावणाचा उत्तरार्ध आला की मराठी घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जाऊ लागतो. ‘चतुर्थीला गुरुजी आपल्याकडे किती वाजता येणार?’ कोणी तो प्रश्न गुरुजींच्या घरी जाऊन विचारतो, कोणी दूरध्वनीवरून, तर मोठ्या शहरांतील कुटुंबे पौरोहित्याची व्यवस्था पाहणाऱ्या एखाद्या संस्थेकडे नाव नोंदवून मोकळी होतात. उत्तर मिळते, ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवले जाते आणि यजमान निश्चिंत होतो. परंतु ज्या घरात ऐंशीच्या पुढची आजी आहे, मधुमेहाने किंवा गुडघेदुखीने गांजलेले काका आहेत, त्या घरापुरता हा प्रश्न अपुरा आहे असे आम्हांस वाटते. वृद्धांचे हाल गुरुजी येण्याच्या वेळेमुळे क्वचितच होतात. ते होतात नैवेद्य लांबल्यामुळे, कारण घरातील अन्न त्यानंतरच पानात पडते. म्हणून गुरुजींना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, ‘आमच्या घरी आरती आणि नैवेद्य किती वाजेपर्यंत होईल?’ या एका प्रश्नाने सारा हिशेब बदलतो. तो कसा बदलतो, हे आज थोडे सविस्तर पाहू.

प्रथम शास्त्राची मर्यादा ध्यानात घ्यावी, कारण वेळ मागताना यजमान कचरतो तो बहुधा मुहूर्ताच्या भीतीने. भाद्रपद शुद्ध चतुर्थी ज्या दिवशी मध्याह्नकाळी असते, तो दिवस या व्रतासाठी घ्यावा असा नियम आहे. येथे मध्याह्न म्हणजे घड्याळातील बारा नव्हेत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे पाच समान भाग करावयाचे, त्यांतील तिसरा भाग तो मध्याह्न. सप्टेंबरच्या मध्यास पुण्यात सूर्योदय सुमारे ६ वाजून २२ मिनिटांनी आणि सूर्यास्त सुमारे ६ वाजून ३८ मिनिटांनी होतो. म्हणजे दिनमान १२ तास १६ मिनिटांचे, आणि त्याचा पाचवा भाग सुमारे २ तास २७ मिनिटांचा. पहिले दोन भाग ओलांडले की साधारण सव्वाअकराला मध्याह्न लागतो आणि पावणेदोनच्या सुमारास संपतो. गाव व तारीख बदलली की यात काही मिनिटांचा फरक पडतो. तो आपल्या पंचांगात पाहून घ्यावा.

आता हा नियम प्रामुख्याने दिवस ठरविण्यासाठी आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दिवस एकदा ठरला की पहाटे ब्राह्ममुहूर्तापासून मध्याह्नाच्या अखेरपर्यंत केव्हाही पार्थिव गणेशाची स्थापना व पूजा करता येते, असे आपल्याकडील पंचांगकर्ते वेळोवेळी स्पष्ट करीत आले आहेत. या स्थापनेसाठी भद्रा, म्हणजे विष्टि करण, वर्ज्य मानण्याचे कारण नाही, हेही ते आवर्जून सांगतात. याचा अर्थ असा की, यजमानाच्या हाती सुमारे नऊ तासांचा अवकाश आहे. सव्वाअकरानंतरची वेळ उत्तम मानून तिचा आग्रह धरणारी घरे आहेत आणि त्यांची श्रद्धा आदरणीयच आहे; पण सकाळी आठला केलेली पूजा कमी प्रतीची ठरते अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. सर्वच पूजांना इतका मोकळेपणा नाही. आश्विन अमावास्येचे लक्ष्मीपूजन प्रदोषकाळाशी बांधलेले आहे, आणि संकष्टीचा उपवास चंद्रोदयापूर्वी सुटत नाही. तेथे वृद्धांची सोय वेगळ्या मार्गाने पाहावी लागते. गणेशस्थापनेत मात्र शास्त्रानेच आपल्याला जागा ठेवली आहे, आणि ती न वापरणे हे आपले अनवधान होय.

दुसरी मर्यादा गुरुजींची. चतुर्थीच्या दिवशी एका गुरुजींकडे आठ-नऊ घरे असणे ही शहरांत नित्याची गोष्ट आहे. समजा ते पहाटे पाचला पहिल्या घरी बसतात. पूजेस पाऊण तास आणि पुढच्या घरी पोचावयास पाव तास, असा तासातासाचा क्रम त्यांनी आखला आहे. कागदावर हा क्रम निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात एका घरी पत्री निवडलेली नसते, दुसऱ्या घरी यजमान सोवळे नेसत असतात, तिसऱ्या घरी मूर्ती अजून रस्त्यात असते. प्रत्येक घरी दहाच मिनिटे जास्त गेली असे धरले, तरी आठ वाजताच्या चौथ्या घरी गुरुजी साडेआठला पोचतात, आणि अकरा वाजताच्या सातव्या घरी बाराला. दिरंगाई अशी साठत जाते आणि तिचा सारा भार शेवटच्या घरांवर पडतो. म्हणून ज्या घरी वृद्ध आहेत त्यांनी गुरुजींच्या क्रमातील आरंभीची घरे मागावीत. ‘अकराची वेळ द्या’ म्हणण्यापेक्षा ‘आम्हांला पहिल्या चार घरांत घ्या, घरात वयोवृद्ध माणसे आहेत’ असे म्हटले तर गुरुजींनाही मागणीचे कारण कळते, आणि ते सहसा अव्हेरीत नाहीत. मात्र ही विनंती श्रावण लागताच करावी. पोळा उलटल्यावर क्रम ठरून गेलेला असतो.

आता एक घर कल्पून हा हिशेब मांडून पाहू. पुण्यातील एका जुन्या पेठेत, उद्वाहन नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हे कुटुंब राहते. घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी आहेत. त्यांना मधुमेह असून सकाळी व दुपारी खाण्यापूर्वी इन्शुलिन घ्यावे लागते. त्यांची नाश्त्याची वेळ साडेसातची आणि जेवणाची सव्वाबाराची. पूजेस बसणारा नातू रुग्णालयात रात्रपाळीवर असतो आणि पावणेआठला घरी परततो. चिंचवडहून आत्या यावयाच्या आहेत. त्यांना मांडी घालून बसता येत नाही आणि जिने एकदाच चढता येतात. सूनबाई एकवीस उकडीचे मोदक करणार. नारळ खवण्यापासून मोदकपात्र उतरेपर्यंत दोघींना अडीच तास तरी हवेत. गुरुजींकडे तीन वेळा शिल्लक आहेत. पहाटे पाच, सकाळी आठ आणि दुपारी बारा.

पाचला नातू घरी नाही. बाराची वेळ मोदकांना सोयीची आणि मध्याह्नातही बसणारी, म्हणून घरातील बहुतेकांचा ओढा तिकडेच. परंतु वरचाच हिशेब लावला तर बाराचे घर गुरुजींचे आठवे. आधीच्या सात घरांची दहा-दहा मिनिटे धरली की ते एक वाजून दहा मिनिटांनी येणार, पूजा दोनला पाच मिनिटे असताना आटोपणार, आणि आजींच्या पानात वरण-भात पडावयास सव्वादोन होणार. तोवर मध्याह्नही टळलेला. म्हणजे जी वेळ उत्तम म्हणून निवडली, तीच शास्त्राच्याही हातून निसटली आणि आजींच्याही.

येथे धोका निव्वळ भुकेचा नाही. जेवणापूर्वीचे इन्शुलिन नेहमीच्या वेळी घेतले आणि जेवण तासभर लांबले, तर रक्तातील साखर वेगाने उतरते. अंगाला दरदरून घाम, हातांना कंप, बोलण्यात असंबद्धता, एकाएकी आलेली ग्लानी ही तिची लक्षणे होत. पूजेच्या गर्दीत ‘आजींना झोप लागली’ असे म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव फार. असे दिसताच, माणूस शुद्धीवर व गिळू शकत असेल तर, साखर-पाणी तत्काळ द्यावे, आणि नैवेद्याची वाट पाहू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता डॉक्टरांना बोलवावे. सणाच्या दिवशी औषधाची वेळ किंवा मात्रा बदलावी लागणार असेल, तर ते आपल्या डॉक्टरांना चार दिवस आधी विचारून ठरवावे; घरच्या घरी नव्हे.

उरली आठची वेळ. तिला अडचण मोदकांची. आठला, साडेआठला पूजा सुरू झाली तर सव्वानऊपर्यंत ती संपणार, आणि मोदक तर बाराशिवाय होत नाहीत. याच अडचणीपायी पुष्कळ घरे सकाळची वेळ सोडून देतात. वास्तविक येथे दोन नैवेद्य वेगळे करता येतात. षोडशोपचारांतील नैवेद्य हा पूजेचा एक उपचार आहे. तो गूळ-खोबरे, पंचखाद्य, पेढे किंवा फळे यांचा दाखविता येतो. दुपारचा महानैवेद्य, म्हणजे मोदकांसह वाढलेले पान, घरातील कोणीही पाण्याचे मंडल करून, तुळशीपत्राने किंवा दूर्वेने प्रोक्षण करून दाखवू शकतो. त्यासाठी गुरुजींनी उपस्थित असण्याची आवश्यकता नाही. काही घरांचा कुळाचार मोदकांवाचून पूजा पुरी होऊ देत नाही. त्यांनी आदल्या रात्री सारण करून ठेवावे आणि पहाटे फक्त एकवीस मोदक उकडून घ्यावेत, बाकीचे मागाहून. आपल्या घरची रीत कोणती आणि तिच्यात काय चालते, हे गुरुजींना आधी विचारले की मार्ग निघतो.

या घरी मग दिवस असा लागतो. आजी साडेसातला औषध व नेहमीचा नाश्ता घेतात. पूजेचा संकल्प नातवाचा असल्याने पूजेपूर्वी न खाण्याचा नियम त्याच्यापुरता आहे. नातू पावणेआठला येऊन स्नान करतो. गुरुजी आठ ते साडेआठच्या दरम्यान येतात. आचमन, प्राणायाम, देशकालाचा उच्चार व संकल्प, मग कलश, शंख, घंटा व दीप यांचे पूजन, त्यानंतर प्राणप्रतिष्ठा, आणि पुढे आवाहनापासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत उपचार चालतात. आजींनी या साऱ्यात पाऊण तास बसून राहण्याची गरज नाही. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी त्यांना हात धरून आणावे, खुर्ची मखराजवळ मांडावी, त्यांच्या हातून दोन दूर्वा वाहाव्यात. मग त्यांनी आत विसावावे आणि आरतीला पुन्हा बाहेर यावे. गुरुजींना ही गोष्ट आरंभीच सांगितली तर ते त्या दोन प्रसंगी स्वतःहून क्षणभर थांबतात. नऊच्या सुमारास पूजेतील नैवेद्य व आरती होते. बाराला घरच्या घरी महानैवेद्य दाखविला जातो आणि सव्वाबाराला आजींचे पान वाढले जाते. गुरुजी अर्धा तास उशिरा आले तरी या व्यवस्थेला धक्का लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

आत्यांचा प्रश्न आणखी निराळा, आणि तो बहुतेक यजमानांच्या लक्षातच येत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बहुधा हरितालिका असते. जुन्या वळणाच्या बायका तो उपवास वयाच्या सत्तरीतही कडकडीत करतात, कित्येकी पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा करून पारणे सोडतात. पण भाचवंडांच्या घरी गणपती म्हटल्यावर ‘आता नैवेद्य झाल्यावरच तोंडात घालीन’ असे म्हणून त्या तशाच निघतात. नैवेद्य दोनला झाला तर तो दीड दिवसाचा उपवास होतो, तोही प्रवासासह आणि तीन जिन्यांसह. अशा आत्यांना आदल्या दिवशीच घरी आणावे, म्हणजे जिने एकदाच चढावे लागतात. हरितालिकेची पूजा त्यांनी आपल्याच घरी करावी, आणि चतुर्थीला सकाळी सातच्या आत त्यांचे पारणे करवून मग पुढच्या तयारीला लागावे.

वडीलधाऱ्यांची समजूत घालणे हा यातला अवघड भाग आहे. त्यांना स्वतःच्या गैरसोयीचे दुःख नसते. आपल्यामुळे देवाच्या कार्यात उणे आले हा सल त्यांना अधिक बोचतो. तेथे डॉक्टरांचा हवाला फारसा उपयोगी पडत नाही, शास्त्राचा पडतो. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही असे व्रतविषयक ग्रंथांत स्पष्ट सांगितलेले आहे. जो स्वतः अशक्त आहे त्याच्या वतीने पुत्राने, पतीने किंवा पत्नीने, भावाने अथवा पुरोहिताने व्रताचरण करावे, हीही शास्त्रसंमत व्यवस्था आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेला ‘धर्मसिंधु’ आपल्याकडील पुरोहितवर्ग आजही प्रमाण मानतो. गुरुजींनी त्याच्या आधाराने आजींना दोन शब्द सांगितले, तर मुलाने दहा वेळा सांगण्यापेक्षा त्यांचे वजन अधिक पडते. तेव्हा वेळ ठरवावयास जाताना ‘आजींशी आपणच एकदा बोला’ एवढी विनंतीही गुरुजींना करून ठेवावी.

गुरुजींशी बोलताना यजमानाने काय सांगावे, तेही थोडक्यात लिहितो. ‘गुरुजी, नमस्कार. आमच्या आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्यांचे जेवण सव्वाबाराला व्हावे लागते. मुलगा पावणेआठला घरी येतो. आपल्या सकाळच्या घरांत आम्हांला घेता येईल का? आमच्या आधी किती घरे आहेत? पूजेला किती वेळ लागेल, आणि दुपारचा मोदकांचा नैवेद्य आम्ही मागाहून दाखविला तर चालेल ना?’ एवढे विचारले की पुरे. यात गुरुजींच्या अधिकारास कोठेही बाध येत नाही, आणि त्यांना आपला दिवस आखणे सोपे जाते. संस्थेमार्फत गुरुजी येणार असतील तर तेथील व्यवस्थापक बहुधा ‘आठ ते दहाच्या दरम्यान’ असे दोन तासांचे माप सांगतो. त्याला येणाऱ्या गुरुजींचे नाव व दूरध्वनी क्रमांक आणि आपले घर क्रमाने कितवे, या दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. त्याखेरीज ते दोन तास केव्हाही पूजेस बसण्याच्या तयारीत घालवावे लागतात.

यजमानाचीही एक जबाबदारी आहे. पूजेच्या मध्येच ‘गुरुजी, अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने करा ना’ असे सांगणारी घरे असतात. एकवीस आवर्तनांना तास लागू शकतो. मग पुढच्या घरातील कोणा आजोबांचे जेवण आपल्यामुळे लांबते. आवर्तने करावयाची असतील तर वेळ ठरवितानाच सांगावे, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या मंडळींनी मिळून म्हणावीत. तसेच गुरुजी पाटावर बसण्यापूर्वी मूर्ती चौरंगावर, पत्री निवडून ताटात, दूर्वांच्या जुड्या बांधून, पंचामृत कालवून आणि समई तेलवात घालून तयार असावी. आपल्या घरी वाचलेली दहा मिनिटे शेवटच्या घरापर्यंत पोचतात.

हरितालिकेच्या संध्याकाळी गुरुजींना एकदा आठवण द्यावी, आणि चतुर्थीस ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी ते कोणत्या घरी आहेत हे विचारावे. ते दोन घरे मागे असतील तर दोन तासांची वाट आहे असे समजून पुढचा निर्णय तेव्हाच घ्यावा. आजींचे जेवण वेळेवर वाढावे. आणि मध्याह्न टळण्याची चिन्हे दिसू लागली तर घरातील एखाद्या जाणत्याने पूजेची पोथी हाती घेऊन संकल्पापासून आरंभ करावा. सुबोध अर्थासह पूजाविधी सांगणाऱ्या पोथ्या बाजारात मिळतात, ध्वनिमुद्रित पूजाही मिळतात. शुद्ध उच्चारांची काळजी वाटत असेल तर आधी दोन दिवस एकदा वाचून ठेवावे. मागाहून गुरुजी आले तर त्यांच्याकडून मंत्रपुष्पांजली म्हणवून घ्यावी आणि ठरलेली दक्षिणा मनात किंतु न ठेवता द्यावी, कारण तेही पहाटे पाचपासून उपाशीच फिरत असतात. त्यांच्यासाठी पेलाभर दूध आणि दोन केळी पाटाजवळ आठवणीने ठेवावीत. नवव्या घरी पोचणारे गुरुजी पुष्कळदा स्वतःच साठी उलटलेले असतात.